दीड महिन्याचे डोस झाले, बाळाला ताप आहे आणि रडणं थांबत नाही: घाबरायचं कधी आणि थांबायचं कधी

दीड महिन्याच्या इंजेक्शनांनंतर घरोघरी एकच प्रश्न असतो, हे नॉर्मल आहे ना? अंग तापलंय, मांडी टणक झालीय, पोर कळवळून रडतंय आणि आजी म्हणतेय आमच्या वेळी असलं काही नव्हतं. असा फोन आला की मी आधी उलट विचारते, इंजेक्शन किती वाजता दिलं आणि हे कधी सुरू झालं. निम्मं उत्तर त्यातच असतं, कारण लसीचा त्रास वेळेला धरून येतो आणि वेळेला धरून जातो. जो त्रास त्या वेळेत बसत नाही तो लसीमुळे आहे असं समजून घरी बसायचं नाही, एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की असली की अर्धी भीती जाते आणि जिथे खरंच धावायला हवं तिथे उशीर होत नाही.

आधी जन्मल्यावरच्या लसींचं बोलू, कारण तिथे मोठा घोळ होतो. बाळ जन्मलं की हॉस्पिटलातच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि हिपॅटायटिस बी हे तीन डोस होतात, त्यातलं हिपॅटायटिसचं शक्यतो पहिल्या 24 तासांत. या तिघांनी सहसा ताप येत नाही. म्हणून घरी आणलेल्या पाच दिवसांच्या बाळाला ताप आला आणि घरातलं कोणी म्हणालं की लस दिलीय ना, येणारच, तर ते ऐकायचं नाही. महिन्याच्या आतल्या बाळाचा ताप म्हणजे रक्तात इन्फेक्शन असू शकतं असं धरूनच डॉक्टर तपासतात, कारण एवढ्या लहान बाळात इन्फेक्शन काही तासांत पसरतं आणि बाहेरून बघितलं तर बाळ फक्त थोडं सुस्त दिसतं. काखेत 99.5 च्या वर दिसलं तर कपडे सैल करा, दूध पाजा, 15 मिनिटांनी परत बघा, आणि तरीही तेवढंच असेल तर सरळ हॉस्पिटल. क्रोसिन वगैरे देऊन रात्र काढायची नाही, औषधाने आकडा खाली येतो आणि खरं काय चाललंय ते झाकलं जातं. उलट बाळ थंड पडलं, हातपाय आणि पोटही गार लागतंय, दूध ओढत नाही, हेही तापाइतकंच वाईट लक्षण आहे, लोक मात्र तापालाच घाबरतात आणि थंडपणाकडे लक्ष देत नाहीत.

दीड महिन्याला सगळं बदलतं. त्या दिवशी सरकारी हेल्थ सेंटरवर बाळाला पाच आजारांवरची एकत्र पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोनियाची पीसीव्ही उजव्या मांडीत, पोलिओचं बारीकसं इंजेक्शन उजव्या दंडाच्या कातडीत, आणि वरून पोलिओ नि रोटाव्हायरसचे तोंडावाटे डोस, एवढं सगळं एकाच वेळी मिळतं. ताप, सूज, रडणं यातलं बहुतेक येतं ते पेंटाव्हॅलंटमुळे, आणि त्यातही डांग्या खोकल्याच्या भागामुळे. त्यात त्या जंतूचा अख्खा मेलेला देह असतो, आणि त्याच्या भिंतीत असे पदार्थ असतात जे दिसले की आपल्या रक्तातल्या पेशी जोरात सिग्नल पाठवतात, तो सिग्नल मेंदूतल्या तापमान ठरवणाऱ्या भागापर्यंत पोचतो आणि अंग तापतं. प्रायव्हेटमध्ये ज्याला लोक पेनलेस म्हणतात त्या लसीत अख्खा जंतू नसतो, त्याचे निवडक तुकडे असतात, म्हणून ताप आणि सूज कमी. पण पेनलेस म्हणजे अजिबात दुखत नाही असं नाही, सुई ती सुईच. आणि ताप आला नाही म्हणजे लस लागली नाही असंही नाही, काही बाळांना काहीच होत नाही, त्यांनाही संरक्षण मिळतं.

हा ताप साधारण सहा ते बारा तासांत चढायला लागतो, म्हणजे सकाळी दिलं तर संध्याकाळी किंवा रात्री, आणि दुसऱ्या दिवशी उतरतो, फार तर 48 तास. म्हणूनच सगळे फोन रात्री येतात, दिवसा पोर बरं असतं आणि अंधार पडला की अंग तापतं.

एक केस सांगते, गोव्यातल्या पेडण्याकडच्या एका गावातली, कारण यात जवळजवळ सगळंच आलं. मुलगी, दीड महिन्याची, वजन 4.2 किलो, पूर्ण दिवसांची, आईचं दूध. बुधवारी सकाळी साडेदहाला इंजेक्शनं झाली. अर्धा तास सेंटरवर बसवलं. हा अर्धा तास कंटाळवाणा वाटतो आणि बाहेर रिक्षा थांबलेली असते म्हणून लोक निघून जातात, पण तो चुकवू नका, कारण लसीची सगळ्यात गंभीर ॲलर्जी, श्वास लागणं, अंगावर पित्त उठणं, चेहरा नि ओठ सुजणं, बाळ पांढरं पडून कोसळणं, ही बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात होते. होते ती लाखो डोसांत एखादी, पण तिच्यावरचं औषध म्हणजे ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, आणि ते सेंटरवर तयार असतं, तुमच्या घरी नसतं.

तीन वाजता ती किरकिर करायला लागली, लंगोट बदलताना डावा पाय हलवला की किंचाळायची. पाच वाजता आईने थर्मामीटर लावला तर काखेत 99.9. मे महिना, खिडक्या बंद, बाळाला टोपी, मोजे, वर दुपट्ट्यात घट्ट बांधलेलं, कारण सासूबाईंना वाटलं इंजेक्शनाने थंडी भरेल. मी फोनवर म्हटलं, बाय, आधी सगळं सोड, पातळ झबलं घाल, पंखा लाव पण अंगावर नको, आणि 15 मिनिटांनी परत बघ. परत बघितलं तर 99.2. म्हणजे त्यातला निम्मा ताप दुपट्ट्याचा होता. आपल्याकडच्या दमट हवेत हे फार होतं, एवढ्याशा बाळाला घाम गाळून अंग थंड करणं धड जमत नाही, त्यामुळे गुंडाळलं की आतली गरमी आतच राहते.

साडेआठला मात्र 100.9 आला, कपडे सैल असतानाही. आता हा खरा ताप. इथे नियम असा की तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा वर गेला की डॉक्टरांना किंवा हेल्थ सेंटरला कळवायचंच, लस दिलेली असली तरी. कळवायचं म्हणजे लगेच ॲडमिट करायचं असं नाही. समोरचा माणूस तुम्हाला चार गोष्टी विचारतो आणि त्यावर घरी थांबायचं की यायचं ते ठरतं. दूध ओढतेय का, शेवटची सू कधी केली, उचलल्यावर डोळे उघडून बघते का, श्वास नेहमीसारखा आहे का. या मुलीचं दूध नेहमीपेक्षा थोडं थोडं पण वारंवार चाललं होतं, दुपारपासून तीन लंगोट ओले झाले होते, आईच्या आवाजाकडे बघत होती, छाती आत ओढली जात नव्हती. ताप इंजेक्शनानंतर दहा तासांनी आलेला, म्हणजे वेळेतही बसतो. डॉक्टरांशी बोलून पॅरासिटामॉल द्यायचं ठरलं आणि रात्रभर दर चार तासांनी बघायचं.

आणि खरा धोका इथे पुढे आला, तापाचा नव्हे, औषधाचा. बाळाचा काका पेडण्याच्या फार्मसीतून पॅरासिटामॉल घेऊन आला. जाऊ म्हणाली, आमच्या पोराला दोन मिली द्यायचो, दोन मिली दे. आईने देण्याआधी परत फोन केला म्हणून बरं. मी म्हटलं बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. लिहिलं होतं, दर मिलीत 100 मिलिग्रॅम. म्हणजे ते ड्रॉप्स होते. जावेच्या घरी असायचं ते सिरप, 5 मिलीत 125 मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलीत 25. दोन्ही पॅरासिटामॉलच, पण ड्रॉप्स चारपट कडक.

हिशोब असा करतात, एका वेळचा डोस वजनाच्या प्रत्येक किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम. 4.2 किलोला 42 ते 63. डॉक्टरांनी 50 सांगितलं होतं. 50 मिलिग्रॅम म्हणजे त्या सिरपचे 2 मिली, पण ड्रॉप्सचा फक्त अर्धा मिली. जावेच्या सांगण्याप्रमाणे ड्रॉप्सचे दोन मिली दिले असते तर 200 मिलिग्रॅम पोटात गेले असते, हव्या त्याच्या चौपट, आणि तोच डोस सहा सहा तासांनी दोन दिवस चालला असता तर लिव्हरवर बेतलं असतं. 5 मिलीत 250 चं सिरपही मिळतं, ते दुप्पट कडक. म्हणून मिली किती ते कोणाला विचारू नका आणि कोणाला सांगूही नका, मिलिग्रॅम विचारा आणि मग बाटली वाचा. चमच्याने देऊ नका, ड्रॉपर त्या बाटलीसोबतचाच वापरा, दुसऱ्या बाटलीचा ड्रॉपर त्या मापाचा नसतो. दोन डोसांत सहा तास ठेवा, 24 तासांत चारच्या वर नाही, आणि या वयाला पहिला डोससुद्धा विचारूनच. मोठ्यांच्या ॲस्पिरिन-ब्रुफेनसारख्या गोळ्या तर अजिबात नाहीत.

इंजेक्शनाच्या आधीच पॅरासिटामॉल पाजून आणलं तर, असं बरेच जण विचारतात. 2009 साली लॅन्सेट मासिकात आलेल्या एका अभ्यासात दिसलं की ताप येऊ नये म्हणून आधीच नियमाने पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत काही लसींच्या ॲंटिबॉडीज कमी तयार झाल्या. तेव्हापासून सल्ला असा की आधीपासून सवयीने द्यायचं नाही, ताप किंवा दुखणं दिसलं आणि बाळ बेचैन आहे तरच. काही खास लसींसोबत डॉक्टर स्वतःहून सांगतात, तो भाग वेगळा.

आणि एक कळकळीची विनंती, अंगाला फेणी चोळू नका. गोव्यात सर्दी-तापाला फेणी लावायची जुनी सवय आहे, मोठ्या माणसाला त्याने फार काही होत नाही, पण दीड महिन्याच्या बाळाची कातडी पातळ, वरून वास नाकातून आत जातो, दारू रक्तात उतरते, साखर पडते आणि बाळ सुस्त होतं. मग ते लसीने सुस्त आहे, तापाने आहे की फेणीने हे आम्हालाही कळत नाही. बर्फाचं पाणी, कोलन वॉटरच्या पट्ट्या, त्याही नकोत, बाळ कुडकुडतं आणि आतला ताप आणखी वाढतो. हवाच असेल तर साध्या कोमट पाण्याने अंग पुसा, बस.

रडणं

त्या रात्री ती मुलगी दहा ते साडेअकरा जवळजवळ सलग रडली. आई म्हणाली सिस्टर, हिला काहीतरी होतंय, हे रडणं नेहमीचं नाही. आईचं हे वाक्य मी कधीच उडवून लावत नाही, कारण आपल्या बाळाचं नेहमीचं रडणं तिलाच माहीत असतं. पण एक गोष्ट तिला माहीत नव्हती आणि बहुतेकांना नसते. बाळांचं रडणं तसंही जन्मानंतर वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, मग कमी होत जातं, आणि ते रडणं संध्याकाळी-रात्रीच जास्त असतं. म्हणजे पहिली मोठी इंजेक्शनं नेमकी त्याच दिवसांत पडतात जेव्हा बाळ लस न देताही सगळ्यात जास्त रडतं. त्यात मांडी दुखते, ताप असतो. तिन्ही एकत्र आले की घर हादरतं.

लसीमुळे रडतं ते मुख्यतः दुखण्याने, आणि ते ओळखता येतं. मांडीला हात लागला, पाय वाकवला, लंगोट बदलला की रडणं वाढतं. छातीशी धरलं, आईच्या अंगाला अंग लावलं, दूध दिलं की थोडा वेळ तरी उतरतं, पाच-दहा मिनिटं डुलकी लागते, परत सुरू. मधे मधे अशी थांबणी असली तर काळजी कमी. ही मुलगी अंगावर घेतली की शांत व्हायची, खाली ठेवली की परत. साडेअकराला अंगावरच झोपली.

सलग तीन तास किंवा जास्त, काही केलं तरी न थांबणारं रडणं, हे मात्र वेगळं नोंदवतात. अख्ख्या जंतूच्या लसीनंतर असं होतं हे माहीत आहे, पहिल्या 48 तासांत होतं, बहुतेक वेळा एका दिवसात आपोआप थांबतं आणि त्याने मेंदूला किंवा पुढे बाळाला काही नुकसान होत नाही. मग एवढं असेल तर डॉक्टरांकडे कशाला? तर, रडणं लसीचंच आहे हे कोणीतरी बाळाला उघडं करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही म्हणून. मी बाळाचे सगळे कपडे काढायला सांगते. पायाच्या बोटाभोवती किंवा मुलगा असेल तर शिश्नाभोवती आईचा केस गुंडाळला गेलाय का बघा, बाळंतपणानंतर केस गळतात, मोज्यात एखादा अडकतो आणि बोटाला काचतो, बोट लाल-निळं होतं आणि पोर तासन्तास रडतं. जांघेत टणक गोळा आलाय का बघा, हर्निया अडकला तर असंच रडतं, आणि तो तातडीचा मामला आहे.

पोटाचं रडणं अजून वेगळं. रोटाव्हायरसच्या लसीनंतर एखाद-दोन दिवस शी जरा पातळ होणं चालतं. पण फार क्वचित, लसीनंतरच्या पहिल्या आठवड्याभरात, आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकून अडकतो. तेव्हा बाळ थांबून थांबून कळ आल्यासारखं रडतं, पाय पोटाशी ओढतं, कळ गेली की मलूल पडतं, परत दहा-वीस मिनिटांनी तेच. मग हिरवी उलटी, पोट फुगणं, शीतून लालसर जेलीसारखं रक्त. हे दिसलं तर गुटी, हिंग, शेक काही नाही, लगेच मोठं हॉस्पिटल. लवकर पोचलं तर बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय सुटतं, उशीर झाला की आतडं काळं पडतं.

आणि रडण्यापेक्षा मला न रडणाऱ्या बाळाची भीती जास्त. पेंटाव्हॅलंटनंतर काही तासांत, फार क्वचित, बाळ अचानक ढिलं पडतं, पांढरंफटक किंवा निळसर दिसतं, हाक मारली, टिचकी मारली तरी प्रतिसाद नाही. काही मिनिटांत किंवा तासाभरात ते आपोआप सावरतं आणि मागे काही राहत नाही हे खरं, पण त्या क्षणी घरच्यांना ते आहे की फिट आहे की साखर पडलीय की श्वास थांबलाय हे कळणं शक्य नाही. तेव्हा 108 लावा. ग्लानीत असताना तोंडात दूध, पाणी, मध घालू नका, कुशीवर ठेवा, श्वास चालू आहे ना बघत राहा. घरचे म्हणतात आताच एवढं रडत होतं, दमून झोपलं असेल. दमून झोपलेल्या बाळाच्या ओठावर स्तन टेकवलं की ते तोंड हलवतं, हात धरून सोडला की जरा तरी आखडतं, रंग गुलाबी असतो. या तीनही गोष्टी नसतील तर ती झोप नाही.

सूज, गाठ आणि डाव्या दंडावरचा फोड

गुरुवारी सकाळी त्या मुलीचा ताप 99.0 होता, पण मांडीवर साधारण मोठ्या लिंबाएवढी लाली आणि खाली टणक. सासूबाईंनी हळद-चुना तयार ठेवला होता, आणि रोज न्हाऊ घालायला येणारी बाई म्हणत होती तेल लावून मोडून काढते. दोन्ही नको. दाबून चोळलं की आतलं दुखणं वाढतं आणि लस आजूबाजूला पसरून सूजही वाढते. आंघोळ चालते, बाकी अंगाला हलक्या हाताने तेल चालतं, ती मांडी तेवढी सोडायची. पहिल्या दिवशी स्वच्छ फडकं साध्या गार पाण्यात पिळून वर ठेवलं की बाळाला बरं वाटतं.

लाली आणि सूज दोन-तीन दिवसांत उतरते. टणक गाठ मात्र राहू शकते, कधी कधी काही आठवडे, कारण या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार अगदी थोडा असतो, लसीचा असर वाढवायला, आणि त्याच्याभोवती पेशी जमून गाठ होते. हात लावल्यावर दुखत नाही, वरची कातडी नेहमीच्या रंगाची आहे, हळूहळू लहान होतेय, तर तिला विसरून जा. त्या मुलीची गाठ अडीच महिन्यांच्या डोसाला आली तेव्हाही बोटाला लागत होती.

काळजीची सूज उलट दिशेने जाते. तिसऱ्या दिवशी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, गरम लागते, कातडी चकचकीत ताणलेली, मऊ पडून आत पू जाणवतो, किंवा सूज गुडघ्यापर्यंत उतरते, किंवा बाळ तो पाय हलवायचंच सोडून देतं. सोपी युक्ती अशी की पहिल्या दिवशी लालीच्या कडेला पेनाने रेघ मारून ठेवायची आणि शेजारी वेळ लिहायची. लाली दोन दिवसांनी रेघेच्या आत आली तर ठीक, बाहेर गेली तर दाखवा. घरातल्या चार माणसांची चार मतं रेघेपुढे संपतात.

आता त्या फोडाचं. दीड महिन्याच्या डोसानंतर आठवड्यात हमखास कोणीतरी डावा दंड दाखवत येतं, सिस्टर, इंजेक्शन पिकलं. पिकलेलं ते दीड महिन्याचं नसतंच, ती बीसीजी असते, जन्मल्यावर दिलेली. बीसीजीत जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो, तो सावकाश काम करतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथे बारीक लाल पुटकुळी येते, पाच-सहा आठवड्यांपर्यंत ती वाढते, मग फुटते, थोडा पू येतो, खपली धरते, परत ओलं होतं, आणि दोन-तीन महिन्यांत सुकून बारीक खड्डा राहतो. म्हणजे तुम्ही दीड महिन्याच्या डोसाला जाता तेव्हाच तो फोड जोरात असतो, त्यामुळे दोष नव्या इंजेक्शनावर जातो. त्याला काहीही करायचं नाही, दाबायचं नाही, अँटिबायोटिक पावडर नको, घट्ट पट्टी नको, पावसाळ्यात ओलसर झबलं घासत राहिलं तर फक्त कोरडं मऊ सुती कापड घाला. डाव्या काखेत वाटाण्याएवढी गाठ लागली तरी चालते. ती दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, लाल झाली, मऊ पडली, किंवा दंडावरची जखम तीन-चार महिने झाले तरी भरत नाही, तर दाखवा. आणि फोड आलाच नाही म्हणून परत बीसीजी घ्यायची गरज नाही.

वेळेत न बसणारा ताप

परत त्या मुलीकडे. गुरुवारी संध्याकाळी 99.6, औषध न देता, आणि शुक्रवारी सकाळी 98.2, दूध नेहमीसारखं. संपलं. 48 तासांच्या आत आला आणि 48 तासांच्या आत गेला.

आता समजा शुक्रवारी सगळं ठीक होतं आणि शनिवारी दुपारी 101 आला. घरचे हमखास म्हणतील, बुधवारी इंजेक्शन झालंय ना. पण तीन दिवसांनी नव्याने आलेला ताप या लसींचा धरायचा नाही. तो लघवीचं इन्फेक्शन असेल, छातीचं असेल, आणखी काही असेल, दीड महिन्याच्या बाळाला रक्त-लघवी तपासून शोधावंच लागतं. तसंच पहिल्याच रात्री आलेला पण दोन दिवस उलटूनही उतरत नसलेला, किंवा 102 च्या पुढे गेलेला. आणि आकडा कितीही असो, दोन पाजण्या सलग नाकारल्या, सहा-आठ तास सू नाही, श्वास जोरजोरात चाललाय आणि बरगड्यांखाली खड्डा पडतोय, टाळू फुगलीय, झटके आले, तर वेळेचा हिशोबच करत बसू नका, निघा. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पोचायला वेळ लागतो, तेव्हा आधी वाळपईच्या सरकारी हॉस्पिटलात दाखवून, श्वास-साखर बघून मग पुढे न्यायचं का ते त्यांना ठरवू द्या, 108 वाले त्याच हिशोबाने नेतात. खूप आधी, म्हणजे 28 आठवड्यांच्या आसपास जन्मलेली बाळं वेगळी, त्यांचा श्वास डोसानंतरच्या दोन-तीन दिवसांत मधेच थांबू शकतो, म्हणून त्यांचा पहिला डोस कुठे द्यायचा आणि नंतर किती वेळ ठेवायचं ते एनआयसीयूच्या डॉक्टरांना आधी विचारा.

जे काही झालं ते माता-बाल कार्डावर मागच्या कोऱ्या जागेत लिहून ठेवा, इंजेक्शन किती वाजता, ताप किती वाजता नि किती, औषध किती मिलिग्रॅम, रडणं कधीपासून कधीपर्यंत. बाळ ढिलं पडलं, झटके आले, ॲडमिट करावं लागलं, तीन तास रडलं, पू झाला, यातलं काहीही असलं तर सिस्टरला सांगा. अशा घटनांची वर नोंद पाठवायची ठरलेली पद्धत आहे, त्याच बॅचच्या लसीने आणखी कुठे काही झालंय का तेही त्यातूनच कळतं.

अडीच महिन्यांच्या डोसाला गेलात की सुई टोचायच्या आधी हे कार्ड पुढे करा. नुसता ताप, सूज, किरकिर झाली असेल तर पुढचा डोस तसाच घ्यायचा. तीन तास रडणं किंवा ढिलं पडणं झालं असेल तर बालरोगतज्ज्ञ बघून ठरवतात, तीच लस द्यायची की तुकड्यांवाली द्यायची. गंभीर ॲलर्जी झाली असेल तर ती लस परत देत नाहीत, आणि सात दिवसांच्या आत मेंदूचा आजार झाला असेल तर डांग्या खोकल्याचा भाग वगळतात. पोलिओ, रोटा बाकीचे डोस काय करायचे तेही त्याच वेळी विचारून घ्या, नाहीतर एका लसीच्या भीतीने सगळ्याच राहून जातात. या भानगडीत तारीख पुढे गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत, जास्त झाले तर जिथे थांबलात तिथूनच पुढे.